व्हीएमसीचं कोटेशन मजुरीच्या टक्क्यांवर

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, तीन लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि फिटिंगचं बेंच. काम सगळं ऑर्डरप्रमाणे, दोन जॉब सारखे क्वचितच. वडिलांपासून कोटेशनची रीत एकच आहे: मटेरियल, त्यात मजुरी, मजुरीच्या 200 टक्के ओव्हरहेड आणि एकूण खर्चावर 15 टक्के. या वर्षी आम्ही जॉबवर 24 लाख मजुरी आणि 48 लाख शॉपचा ओव्हरहेड धरला होता. प्रत्यक्षात जॉबवर मजुरी पडली 22 लाख आणि ओव्हरहेड झाला 51 लाख. सीए म्हणतात, 44 लाखच वसूल झाले, 7 लाख अंडर-ॲब्सॉर्ब्ड राहिले, पुढच्या वर्षी 232 टक्के लावा. पण फिटिंगची कामं 200 टक्क्यांतच हातची जातात. व्हीएमसी मात्र दोन्ही पाळ्या भरलेल्या आहेत. खर्चाचा तक्ता आणि जॉब कार्डांचा गोषवारा सोबत जोडला आहे. 232 लावू का?

— एक वाचक, भोसरी

उत्तर

सप्रेम नमस्कार,

232 टक्के लावू नका. लावलेत तर फिटिंगची उरलेली कामंही जातील आणि ज्या कामांत तुमचे पैसे खरोखर जात आहेत ती मात्र जवळजवळ आहे त्याच भावात येत राहतील. तुमच्या सीएंचा हिशोब बेरजेपुरता बरोबर आहे. 51 लाखांना 22 लाखांनी भागलं की 232 टक्केच येतात. पण वर्षाची तूट किती आणि ती कोणत्या जॉबवर पडली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोटेशनला दुसऱ्याचं उत्तर लागतं आणि 7 लाखांचा आकडा फक्त पहिल्याचं देतो.

आधी या 7 लाखांची नेहमीच्या पद्धतीने फोड करू. 48 लाख धरलेला ओव्हरहेड 51 झाला, म्हणजे 3 लाख जास्त खर्च. तुमच्या तक्त्यात ते दिसतात: व्हीएमसीच्या स्पिंडलची दुरुस्ती 1.2 लाख, विजेचे वाढलेले 1.1 लाख, गाळ्याच्या भाड्याचे 70 हजार. उरलेले 4 लाख मजुरी कमी पडल्यामुळे आले. 24 लाखांऐवजी 22 लाखच जॉबवर चढले आणि त्या 2 लाखांच्या दुप्पट ओव्हरहेड वसूल व्हायचा राहिला. पुस्तकाच्या भाषेत या 4 लाखांना काम कमी झाल्याची तूट म्हणतात आणि मालकाच्या कानाला ते लगेच पटतं.

इथे तुमचाच गोषवारा बारकाईने बघा. तुमची मजुरी तासाला सरासरी 100 रुपये पडते, म्हणून 24 लाख म्हणजे 24,000 तास. त्यातले व्हीएमसीचे 7,200, लेथ आणि ग्राइंडिंगचे 8,400, फिटिंगचे 8,400 असे तुम्ही धरले होते. वर्षअखेर फिटिंगचे 7,700 झाले, लेथचे 8,400 च राहिले आणि व्हीएमसीवर माणसांचे तास 5,900 वर आले. पण त्याच व्हीएमसी प्रत्यक्ष चालल्या 7,600 तास, धरल्यापेक्षा 400 ने जास्त. मशीन जास्त चाललं आणि हिशोबाने काम कमी झालं! याचं कारण तुमच्या जॉब कार्डांत आहे. लांब सायकल टाइमच्या जॉबवर तुम्ही एका ऑपरेटरकडे दोन्ही मशीन द्यायला सुरुवात केली. ती सुधारणा उत्तम आहे, ती मुळीच मागे घेऊ नका. फक्त तिने तुमच्या कोटेशनचं काय केलं ते समजून घ्या.

पूर्वी मशीनच्या एका तासाला माणसाचा एक तास लागायचा. कोटेशनमध्ये 100 रुपये मजुरी, 200 रुपये ओव्हरहेड आणि त्यावर 15 टक्के मिळून 345 रुपये धरले जायचे. एका माणसाकडे दोन मशीन गेल्यावर मशीनच्या त्याच तासाला अर्धा तास मजुरी लागली. तुमचे खरे वाचले 50 रुपये. पण सूत्राने मजुरीचे 50, त्यावरच्या ओव्हरहेडचे 100 आणि दोन्हींवरचे 15 टक्के असे 172 रुपये 50 पैसे कोटेशनमधून काढून टाकले. मशीनचा घसारा, वीज, कूलंट, प्रोग्रामरचा पगार यातला एक पैसाही कमी झाला नव्हता. 50 रुपयांची बचत झाली आणि पार्टीला तुम्ही तिच्या साडेतीनपट सवलत दिलीत, तीही नकळत. व्हीएमसी दोन्ही पाळ्या का भरल्या, त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं.

ओव्हरहेड मजुरीवर टक्क्याने लावण्याची रीत मुळात चुकीची नव्हती. वडिलांच्या काळात शॉपमध्ये लेथ आणि बेंच असतील. माणूस जितका वेळ जॉबवर, तितका वेळ जागा, दिवा, सुपरवायझर आणि मशीन त्या जॉबसाठी अडकलेलं. मजुरी वाढली की ओव्हरहेडही त्याच प्रमाणात लागायचा, म्हणून टक्का चालायचा. आता तुमच्या शॉपमधला मोठा खर्च मशीनच्या वेळेबरोबर चालतो आणि तो माणसाच्या वेळेपासून सुटलेला आहे. दर ठरवताना विचारायचं एवढंच असतं की जॉबमध्ये काय वाढलं की हा खर्च वाढतो किंवा अडकून पडतो. व्हीएमसीवर ते मशीनचे तास आहेत. फिटिंगच्या बेंचवर माणसाचे तास आहेत. तुमच्या लेथवर माणूस आणि मशीन एकत्रच चालतात, त्यामुळे तिथे कोणतेही तास धरलेत तरी फरक पडत नाही.

म्हणून तुमचे 48 लाख मी तीन विभागांत पाडले. व्हीएमसीकडे 27 लाख येतात: घसारा 8 लाख, वीज 6 लाख, प्रोग्रामर आणि कॅमचं सॉफ्टवेअर 4 लाख, टूल आणि इन्सर्ट साडेतीन लाख, मेंटेनन्स आणि कूलंट 3 लाख, आणि भाडं व सुपरवायझर यांचा वाटा अडीच लाख. लेथ-ग्राइंडिंगकडे 12.6 लाख आणि फिटिंगकडे 8.4 लाख. भाडं मी जागेच्या चौरस फुटांवर वाटलं आणि सुपरवायझरचा पगार त्याचा वेळ कुठे जातो त्यावर. वीज वाटताना मात्र काळजी घ्या. फक्त जोडलेल्या अश्वशक्तीवर वाटली तर दिवसात दोन तास चालणारा ग्राइंडर व्हीएमसीच्या बरोबरीने बिल उचलतो. अश्वशक्ती गुणिले चाललेले तास असा भार काढा, किंवा व्हीएमसीच्या लाइनवर एक सबमीटर बसवून घ्या. वाद कायमचा मिटतो.

आता तासांनी भागा. व्हीएमसीचे 27 लाख भागिले 7,200 मशीन-तास म्हणजे तासाला 375 रुपये. लेथचे 150 रुपये, फिटिंगचे 100 रुपये. तुमच्या जुन्या रीतीने तिन्हीकडे माणसाच्या तासाला सरसकट 200 लागत होते. हे तीन आकडे त्या 200 च्या शेजारी ठेवलेत की पुढचं सगळं त्यातच दिसतं.

याच दरांनी मागचं वर्ष पुन्हा मांडू. व्हीएमसीच्या 7,600 तासांवर 28.5 लाख, लेथवर 12.6 लाख, फिटिंगच्या 7,700 तासांवर 7.7 लाख, असे एकूण 48.8 लाख वसूल व्हायला हवे होते. खर्च 51 लाख झाला. म्हणजे खरी तूट 2.2 लाखांची: जास्त खर्चाचे 3 लाख, आणि व्हीएमसी जास्त चालली व फिटिंग कमी झालं यांचा मेळ घालून उलट 80 हजार फायद्याचे. उरलेले 4.8 लाख काम कमी झाल्यामुळे गेलेले नाहीत. दराचा पाया चुकीचा असल्यामुळे ते कोटेशनमध्ये कधी मागितलेच गेले नाहीत.

पण हे 4.8 लाखसुद्धा निव्वळ बेरीज आहे आणि तिच्या आत बरंच काही दडलेलं आहे. जुन्या रीतीने व्हीएमसीच्या 5,900 माणूस-तासांवर 11.8 लाख वसूल झाले, हवे होते 28.5. तिथे 16.7 लाख कमी. लेथवर 12.6 च्या जागी 16.8, म्हणजे 4.2 लाख जास्त. फिटिंगवर 7.7 च्या जागी बरोबर दुप्पट, 15.4 लाख. व्हीएमसीच्या पार्ट्यांना दिलेली सूट लेथ आणि फिटिंगच्या पार्ट्या भरत होत्या. फिटिंगच्या पार्ट्या एकेक करून निघाल्या तसं भरणारं कोणी उरलं नाही आणि तूट वर दिसायला लागली.

पुढची गोष्ट सावकाश वाचा, कारण बहुतेक मालक आणि बरेच हिशोबनीसही ती नजरेआड करतात. समजा, वर्ष अगदी अंदाजाप्रमाणे गेलं असतं: मजुरी 24 लाख, ओव्हरहेड 48 लाख, तूट शून्य. तेव्हाही व्हीएमसीवर 12.6 लाख कमी आणि बाकी दोन विभागांवर तितकेच जास्त लागले असते. प्रत्येक कोटेशन चुकलेलं आणि वर्षअखेरचा फरक शून्य. म्हणून पुढच्या वर्षी तूट आली नाही तर त्यावरून कोटेशन बरोबर होती असं समजू नका. शून्य तूट एवढंच सांगते की चुका एकमेकींना फिटल्या. तूट दिसायला लागते ती कामांचं मिश्रण सरकल्यावर, आणि चुकीचा दर स्वतःच ते मिश्रण सरकवतो. जिथे तुम्ही स्वस्त आहात तिथून ऑर्डर येतात, जिथे महाग आहात तिथून जातात.

तुमच्या कार्डांतले दोन जॉब घेऊन बघू.

पहिला, फिक्स्चरची प्लेट. मटेरियल 6,000, व्हीएमसी 20 तास, ऑपरेटरचे 10 तास कारण दुसरं मशीनही तोच बघत होता, आणि फिटिंगचे 2 तास. जुन्या रीतीने मजुरी 1,200, ओव्हरहेड 2,400, खर्च 9,600, आणि 15 टक्के धरून कोटेशन 11,040 रुपये. विभागवार दराने मटेरियल आणि मजुरी तीच, पण व्हीएमसीचे 7,500 आणि फिटिंगचे 200 मिळून खर्च 14,900 होतो. 1,440 रुपये नफा समजून घेतलेल्या जॉबवर 3,860 रुपये कमी आले.

दुसरा, जिगची जुळणी. मटेरियल 5,000, फिटिंग 30 तास, लेथ 6 तास. जुन्या रीतीने मजुरी 3,600, ओव्हरहेड 7,200, खर्च 15,800, कोटेशन 18,170. विभागवार दराने ओव्हरहेड फिटिंगचा 3,000 आणि लेथचा 900. खर्च 12,500 आणि कोटेशन 14,375. पार्टीने हा जॉब 16,000 ला दुसरीकडे दिला, असा शेरा तुमच्या कार्डावर आहे. तुम्ही 15,500 सांगितले असते तरी ठरवलेल्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त मिळाले असते.

आता 232 टक्के लावून पाहा. प्लेटचं कोटेशन 11,040 वरून 11,482 होतं, म्हणजे खर्चाच्या अजूनही सव्वातीन हजारांहून जास्त खाली. जिगचं 18,170 वरून 19,495 होतं. तुटीचा बोजा जिथे दर आधीच दुप्पट आहे तिथे आणखी चढतो आणि जिथे दर निम्म्याहून कमी आहे तिथे जेमतेम साडेचारशे रुपये हलतात. पुढच्या वर्षी फिटिंगचे तास आणखी घटतील, पाया आणखी आक्रसेल आणि वर्षअखेरीला तोच भागाकार 260 किंवा 270 दाखवेल. हे चक्र एकदा लागलं की वर्कशॉपचा मालक म्हणतो, काम भरपूर आहे पण हातात काही राहत नाही.

माझं म्हणणं नुसत्या आकड्यांवर मानू नका, तुमच्या फाइलवर तपासा. मागच्या वर्षातली चाळीसेक कोटेशन काढा, मिळालेली आणि गेलेली दोन्ही. प्रत्येकावर मशीनचे अंदाजे तास आणि माणसाचे तास लिहा. मग मशीन-तास जास्त असलेल्यांचा एक गठ्ठा करा आणि माणूस-तास जास्त असलेल्यांचा दुसरा. पहिल्या गठ्ठ्यातली बहुतेक कामं मिळालेली आणि दुसऱ्यातली बहुतेक गेलेली निघाली, तर पाया चुकला आहे. दोन्ही गठ्ठ्यांत मिळालेल्या-गेलेल्यांचं प्रमाण सारखं निघालं तर मात्र दोष दुसरीकडे शोधावा लागेल: तासांचा अंदाज कमी धरला जातोय का, किंवा सगळाच खर्च बाजारापेक्षा जास्त आहे का. कोटेशनमध्ये 20 तास धरले आणि मशीन 26 तास चाललं, तर कोणताही दर तुम्हाला वाचवणार नाही.

प्लेटवाली पार्टी 17,135 रुपये देईल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. 14,900 वर 15 टक्के धरले की तेवढे होतात. सगळे देणार नाहीत. पण 375 हा पार्टीला सांगायचा भाव नाही. जॉब घेतल्याने शॉपचं काय अडकतं, हे तो तुम्हाला सांगतो. त्याच्या खाली जायचं तर किती खाली, यासाठी दर दोन भागांत ठेवा. वीज आणि टूल मिळून साडेनऊ लाख 7,200 तासांवर पसरले की तासाला सुमारे 130 रुपये पडतात. ते मशीन चाललं तरच लागतात. उरलेले सुमारे 245 मशीन उभं असलं तरी लागतात. प्लेटवर हातातून जाणारा पैसा म्हणजे मटेरियल 6,000, मजुरी 1,200 आणि व्हीएमसीचे 2,600, असे 9,800. जुन्या 11,040 मधून 1,240 उरले, मशीनच्या तासाला 62 रुपये. मशीन रिकामं असेल तर हेही नसण्यापेक्षा बरे. पण तुमची व्हीएमसी धरल्यापेक्षा जास्त तास चालते आहे. भरलेल्या मशीनवर 62 रुपयांचा तास विकताना, 245 देणाऱ्या दुसऱ्या पार्टीला तुम्ही तारीख देऊ शकत नाही. म्हणून व्हीएमसीचे भाव आता वाढवा, मशीन भरलेलं असताना. दोन-चार पार्ट्या गेल्या तरी चालेल, त्या तासांचं तुम्हाला मोल येईल. सर्वांत कमी मोल देणाऱ्यांपासून सुरुवात करा. आणि फिटिंग-जुळणीच्या जुन्या पार्ट्यांना त्याच आठवड्यात नवे भाव पाठवा. तिथे तुम्ही खरोखर स्वस्त होऊ शकता.

15 टक्क्यांबद्दल एक टिपण. तुमच्या 48 लाखांत फक्त शॉपचा खर्च आहे. ऑफिस, टेम्पो, वसुलीच्या फेऱ्या आणि व्हीएमसीच्या कर्जाचं व्याज त्यात नाही. कॉस्टिंगच्या रीतीप्रमाणे व्याज उत्पादनाच्या ओव्हरहेडमध्ये धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण उधारीने घेतलं म्हणून मशीनचा तास महाग होत नाही. पण पैसे तर द्यावेच लागतात आणि ते याच 15 टक्क्यांतून. वर्षाचं व्याज आणि ऑफिसचा खर्च एकदा वर्षाच्या एकूण खर्चाशी ताडून पाहा, म्हणजे 15 मधला खरा नफा किती ते कळेल.

पुढच्या वर्षाचा दर काढताना भागाकारात कोणते तास घ्यायचे, हा कळीचा मुद्दा आहे. तुमच्या दोन मशीनना 300 दिवस, दोन पाळ्या, आठ तास असे कागदावर 9,600 तास मिळतात. ते घेऊ नका, कारण मेंटेनन्स, मटेरियलची वाट, तपासणी, प्रोग्राम दुरुस्ती यांत वेळ जातोच. नुकत्याच सरलेल्या वर्षाचे तासही आंधळेपणाने घेऊ नका. दोन-तीन वर्षांच्या सरासरीत, नेहमीच्या अडचणी धरून, मशीन जितकी चालतात ते तास घ्या. 7,200 हा अंदाज मला रास्त वाटतो. अकाउंटिंग स्टँडर्ड 2 मध्येही मालाच्या किमतीत स्थिर ओव्हरहेड धरताना हाच सामान्य क्षमतेचा निकष आहे.

याचं महत्त्व मंदीत कळतं. समजा ऑर्डर घटल्या आणि व्हीएमसी 5,400 तासच चालल्या. त्या तासांनी भागलंत तर दर 375 वरून सुमारे 456 होतो. म्हणजे काम कमी असताना तुम्ही आलेल्या पार्टीकडे रिकाम्या मशीनचं भाडंही मागता, आणि तीही जाते. त्यापेक्षा दर 375 च ठेवा आणि न चाललेल्या 1,800 तासांचे सुमारे 4.4 लाख वेगळ्या ओळीत, रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून दाखवा. ती रक्कम तुम्हाला मालक म्हणून विचारते की दुसरी पाळी बंद करायची का, मशीन जॉबवर्कला द्यायचं का, की नवी पार्टी शोधायची. तिचं उत्तर कोटेशनमध्ये मिळत नसतं.

मागच्या वर्षाच्या जास्त खर्चातलं काय पुढे न्यायचं? भाडं आणि वीज पुढेही राहणार, ते दरात घ्या. स्पिंडलची दुरुस्ती दर वर्षी येणार नाही, पण कधीच येणार नाही असंही नाही. तिचे 1.2 लाख चारेक वर्षांत वाटून वर्षाला 30 हजार धरा. असं केल्यावर व्हीएमसीचा दर 390 च्या आसपास येतो. फिटिंग आणि लेथच्या दरांत भाड्यापुरती थोडी वाढ होईल.

हे सगळं चालायचं तर जॉब कार्ड बदलायला हवं. सध्या त्यावर फक्त माणसाचे तास आहेत. मशीनचा नंबर, सेटिंगचा वेळ आणि चालण्याचा वेळ असे रकाने वाढवा. सेटिंग वेगळं हवंच, कारण तेवढा वेळ मशीन त्या जॉबसाठीच अडकलेलं असतं आणि त्याला तोच दर लागतो. चार तासांचं सेटिंग 50 नगांवर नगाला पाच मिनिटांपेक्षा कमी पडतं. 4 नगांवर ते नगाला पूर्ण एक तास होतं, आणि छोट्या लॉटची कोटेशन तिथेच फसतात. ऑपरेटरने लिहिलेल्या तासांची पडताळणी करायला मशीनचा कंट्रोलर आहेच. त्याच्या टायमरच्या पानावर मशीन किती वेळ चालू होतं, किती वेळ प्रोग्राम चालला आणि किती वेळ प्रत्यक्ष कटिंग झालं हे दिसतं. दर शनिवारी ते आकडे उतरवून कार्डांच्या बेरजेशी जुळवा. थोडा फरक राहणारच, पण तो दर आठवड्याला वाढत गेला तर कार्ड नंतर आठवून भरली जात आहेत असं समजा.

तीनपेक्षा जास्त विभाग करायच्या मोहात सध्या पडू नका. तुमच्या दोन्ही व्हीएमसी सारख्याच आहेत, म्हणून एकच दर पुरतो. उद्या एखाद्या मशीनवर चौथा ॲक्सिस बसवलात किंवा मोठ्या टेबलाचं नवं मशीन आणलंत, तर त्याचा दर वेगळा काढा. नाहीतर हाच घोळ व्हीएमसीच्या आत सुरू होईल.

सीएंकडे जाताना हा ताळा सोबत न्या: 7 लाख म्हणजे चुकीच्या पायाचे 4.8, जास्त खर्चाचे 3 आणि त्यातून वजा 80 हजार. 31 मार्चला अर्धवट असलेल्या जॉबची किंमत त्यांनी 200 टक्क्यांनी धरली असेल, तर व्हीएमसीवरचे जॉब कमी किमतीला आणि बेंचवरचे जास्त किमतीला पुस्तकात बसलेले असतील. ते विभागवार दराने पुन्हा मांडायला सांगा. स्पिंडलची दुरुस्ती त्या जॉबवर चढवू नका, ती सरळ नफा-तोटा खात्यात जाऊ द्या. आणि व्हीएमसीच्या ज्या पीओ जुन्या भावाने हातात आहेत, त्यांची यादी उरलेल्या मशीन-तासांसह आजच काढा. त्यातल्या रिपीट ऑर्डरचा भाव पुढच्या लॉटपासून बदलतोय असं पत्र सध्याचा लॉट पाठवतानाच पार्टीला द्या.